रिकामं सिंहासन आणि सहोत्रा: पुणे ते भोर, राज्य ते राष्ट्रराज्य

जून 1792. पुण्यात खास उभारलेल्या भव्य तंबूत एक सिंहासन मांडलं आहे आणि त्यावर कोणीही बसलेलं नाही. ते दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलम दुसरा याचं सिंहासन. बादशहा स्वतः दिल्लीत, आंधळा. चार वर्षांपूर्वी गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले होते. आता त्याचं संरक्षण महादजी शिंद्यांची फौज करते. तेच महादजी बादशाही फर्मान आणि खिलत, म्हणजे मानाची वस्त्रं, घेऊन पुण्यात आले आहेत. अठरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे त्या रिकाम्या सिंहासनासमोर तीनदा कुर्निसात करतात, 101 मोहरांची नजर ठेवतात आणि ‘वकील-इ-मुतलक’, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद स्वीकारतात.

याच समारंभाआधी एक परवानगी घेतली गेली होती, ती सातारच्या छत्रपतींची. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान, त्याची वस्त्रं साताऱ्याहून येतात. मग धन्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या दरबारचं पद घ्यायचं कसं? फर्मानात पेशव्यांसाठी काही भारदस्त किताबही होते. त्यातला ‘महाराजाधिराज’ पेशव्यांनी लावू नये, असा नाना फडणविसांचा आग्रह होता. छत्रपतींच्या नोकराला तो शोभत नाही, हे त्यांचं म्हणणं.

हे प्रकरण अभ्यासाला निवडण्याचं कारण असं की इथे एकाच तंबूत सत्तेचे चार थर दिसतात, आणि कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही. फौज शिंद्यांची, कारभार पुण्याचा, गादी साताऱ्याची, सनद दिल्लीची. आजच्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो हा: मग सार्वभौम कोण? प्रश्न चुकीचा नाही, पण तो राष्ट्रराज्यात वाढलेल्या माणसाचा प्रश्न आहे. सार्वभौमत्व एकच असतं, एकाच ठिकाणी असतं आणि नकाशावरच्या एका रेषेपर्यंत सगळीकडे सारखं भरलेलं असतं, हे आपण गृहीत धरतो. 1792 च्या पुण्यात हे गृहीतच नव्हतं.

पुरावा हवा असेल तर त्या काळचा पुणे टांकसाळीतला अंकुशी रुपया हातात घ्यावा. त्यावर अंकुशाची खूण आहे, ती पेशवाईची. पण मजकूर फारसीत, नाव शाह आलमचं, आणि टांकसाळीचं नाव ‘मुहियाबाद पुणे’. मुहियाबाद हे औरंगजेबाने शहराला दिलेलं नाव. लोकांच्या बोलण्यात ते कधी रुळलं नाही, नाण्यावर मात्र राहिलं. बादशहाशी लढलेल्यांनी बादशहाच्या नावाने नाणं पाडणं यात लाचारी शोधू नये. त्या नावामुळे रुपया सुरतेपासून हैदराबादेपर्यंत चालत असे. साम्राज्य मोडकळीस आलं तरी त्याचा शिक्का मान्यतेचं चलन म्हणून टिकतो. ईस्ट इंडिया कंपनीनेही 1835 पर्यंत शाह आलमच्या नावाचे रुपये पाडलेच.

सहा टक्क्यांचा धनी

आता हे थर प्रत्यक्ष कसे चालत ते बघू. त्यासाठी समारंभातून हिशेबाकडे वळलं पाहिजे, कारण राज्य आणि साम्राज्य यांतला फरक जितका वसुलीच्या कागदात कळतो तितका दरबारी भाषेत कळत नाही.

1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. त्यांत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिली, स्वराज्य: शिवाजी महाराजांच्या वेळचा मुलूख छत्रपतींचा म्हणून मान्य. दुसरी, दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क. हे सुभे म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद. तिथली गावं मोगलाईतच राहणार, फक्त महसुलातला ठरावीक हिस्सा मराठ्यांचा. बदल्यात 15,000 स्वारांनी बादशाही सेवा करायची, मुलखात बंदोबस्त ठेवायचा आणि पेशकश, म्हणजे खंडणी, भरायची. म्हणजे एकाच दस्तऐवजात शाहू महाराज स्वराज्यात राजे आहेत आणि सहा सुभ्यांत बादशहाचे हक्कदार. पहिलं नातं राज्याचं, दुसरं साम्राज्याचं.

मोगलाईतल्या एका गावाचा महसूल सोयीसाठी 1,000 रुपये धरू. सरदेशमुखी दहा टक्के, म्हणजे 100 रुपये. ती छत्रपतींची वतनी बाब. चौथाई 250 रुपये. पण ही 250 एका तिजोरीत जात नाहीत. त्यातला चौथा भाग, 62 रुपये 8 आणे, ही ‘बाबती’, राजाची. सहा टक्के, 15 रुपये, हा ‘सहोत्रा’. तीन टक्के, 7 रुपये 8 आणे, ही ‘नाडगौडा’, राजा मर्जीने कोणालाही देईल ती. उरलेले 66 टक्के, 165 रुपये, हा ‘मोकासा’, फौज बाळगणाऱ्या सरदाराचा. गावाच्या महसुलातले बाकी 650 रुपये मोगल जहागीरदाराचे, पुढे निजामाचे. गावचे पाटील-कुलकर्णी आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे यांचे हक्क याशिवाय.

एका गावाच्या पिकावर निदान अर्धा डझन धनी, प्रत्येकाचा कमाविसदार, म्हणजे वसुली करणारा अधिकारी, वेगळा, आणि कोणीही दुसऱ्याला बेकायदा म्हणत नाही. राष्ट्रराज्याच्या चष्म्यातून हा सावळा गोंधळ दिसतो. तो गोंधळ नव्हता, ती रचनाच होती. एका सरदाराचा मोकासा आणि दुसऱ्याचा सहोत्रा एकाच गावात ठेवला की कोणीही एकटा त्या गावाचा मालक होत नाही, आणि सगळ्यांना छत्रपतींच्या दफ्तराची गरज उरते.

बिघाड व्हायचा तो वेगळ्या ठिकाणी. चौथाई सांगितली जाई ती जुन्या, भरभराटीच्या काळातल्या कागदी आकारावर, म्हणजे ठरवलेल्या महसुलावर. सहा सुभ्यांचा हा आकार सुमारे 18 कोटी रुपये धरलेला होता. प्रत्यक्ष वसुली त्याहून बरीच कमी. त्यामुळे बाकी नेहमीच राही, आणि बाकी आहे म्हणजे स्वारीला निमित्त आहे. हिशेब मिटू नये अशीच मांडणी होती, हा आरोप तेव्हापासून होत आलाय आणि तो निराधार म्हणता येत नाही. साम्राज्याची हद्द अशी सरकत असते. जिथवर वसुलीचा कारकून फौजेच्या जोरावर पोचतो तिथवर ती.

हा सहोत्रा कोणाचा? शाहू महाराजांनी तो पंतसचिवांना वंशपरंपरेने दिला. सचिव हा अष्टप्रधानांतला एक, दफ्तर आणि जमाखर्च तपासणारा. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आलं आणि त्यांच्या घराण्यात राहिलं. भोर हे त्यांचं ठाणं. आता या एका घराण्याकडे पाहा: साताऱ्याच्या राज्यात ते पदाधिकारी, मोगलाईत सहा टक्क्यांचे हक्कदार, आणि राजगड-तोरण्याच्या आसपासच्या मुलखात खुद्द धनी. राज्य, साम्राज्य आणि जहागीर या तिन्ही नात्यांत एकाच वेळी. पुढची सव्वादोनशे वर्षं हेच घराणं आपण धरून ठेवू, कारण राष्ट्रराज्य कधी आलं हे त्याच्या कागदांवरून जितकं नेमकं सांगता येतं तितकं लढायांवरून नाही.

राज्य म्हणजे काय, हे मुद्रेत

त्याआधी राज्य आणि राष्ट्रराज्य यांची गल्लत मिटवली पाहिजे, कारण पुण्यात या विषयावर बोलताना पहिला प्रश्न हमखास येतो: शिवाजी महाराजांचं स्वराज्य हे राष्ट्रराज्य होतं का? उत्तर महाराजांच्या मुद्रेतच आहे.

‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते.’ प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. यात सत्तेचं उगमस्थान सांगितलंय: शहाजींचा पुत्र, म्हणजे वंश. हेतू सांगितलाय: भद्र, कल्याण. आणि विस्तार सांगितलाय: वाढता. कुठवर, ते सांगितलेलं नाही. उत्तम राज्याची ही नेमकी व्याख्या आहे. 6 जून 1674 च्या अभिषेकाने त्या सत्तेला धर्मशास्त्राची मान्यता आली, स्वतःचा शक सुरू झाला, शिवराई आणि होन पाडले गेले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही ताकीद त्याच कल्याणाच्या कर्तव्यातून येते. पण रयत राजाला निवडत नाही आणि राज्य रयतेच्या नावाने चालत नाही. यात काही उणं नाही. सतराव्या शतकात जगात जवळजवळ कुठेच तसं चालत नव्हतं. स्वराज्याला राष्ट्रराज्य ठरवायच्या नादात त्याचं खरं वेगळेपण हातातून निसटतं. उदाहरणार्थ, सरदारांना जहागिरी न देता रोख पगार देण्याचं धोरण. राजाराम महाराजांच्या काळात, फौज टिकवण्यासाठी, ते सोडावं लागलं, आणि सहोत्रा-मोकाशाची पुढची सगळी वाटणी तिथून उगवली.

तर तीन गोष्टींतला फरक असा. राज्यात सत्ता गादीची असते: वंशाने येते, लग्नाने वा दत्तकाने जाते, वाटताही येते. साताऱ्याबरोबर कोल्हापूरची वेगळी गादी झाली ती अशीच, भाऊबंदकीतून. साम्राज्य म्हणजे नुसतं मोठं राज्य नव्हे. त्याचं लक्षण असं की ते दुसऱ्या सत्तांना न संपवता आपल्या खाली ठेवतं, आणि वेगवेगळ्या मुलखांशी वेगवेगळे करार करतं. एकासाठी पेशकश, दुसऱ्यासाठी फौज, तिसऱ्यासाठी नुसता कुर्निसात. असमानता ही त्याची चूक नसते, कामाची पद्धत असते. राष्ट्रराज्य या दोन्हींच्या उलट दोन दावे करतं. एक, सत्ता ‘आम्ही लोक’ यांची आहे, म्हणून ती वारसाने देता येत नाही आणि विकता येत नाही. दुसरा, रेषेच्या आत सगळीकडे तीच सत्ता, तोच कायदा, तेच नागरिकत्व. मधले धनी नाहीत. पहिल्या दाव्याची चर्चा खूप होते. ओळखण्यासाठी दुसरा जास्त उपयोगी, कारण तो कागदावर तपासता येतो.

1818 नंतरही थर राहिलेच

पेशवाई गेली तेव्हा आधुनिक राज्य आलं, ही समजूत अर्धीच खरी आहे. पुणे जिल्ह्यात कलेक्टर आला, पाहणी झाली, रयतवारी बसली. पण कंपनीने साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांचं राज्य नव्याने उभं केलं आणि त्यांच्याखालच्या जहागीरदारांशी 1820 मध्ये वेगळे करार केले. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले. चाकरी साताऱ्याची, हमी कंपनीची. 1792 च्या तंबूतलीच रचना, फक्त रिकाम्या सिंहासनाच्या जागी कंपनीचा प्रतिनिधी, रेसिडेंट. 1848 मध्ये साताऱ्याचे शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि राज्य खालसा झालं. जहागीरदार मात्र थेट इंग्रजांचे मांडलिक म्हणून राहिले. मधला थर गेला, खालचा तसाच.

म्हणून विसाव्या शतकातही पुण्याहून दक्षिणेला निघालं की दिवस मावळायच्या आत माणूस ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर पडत असे. भोर संस्थान सुमारे 900 चौरस मैलांचं, 1901 च्या खानेसुमारीत वस्ती सुमारे 1 लाख 37 हजार. तालुके विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड, पवनमावळ, अशी किल्ल्यांची आणि मावळांची नावं. सुधागड तर घाट उतरून कोकणात. राजाला 9 तोफांची सलामी. तिथली प्रजा कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हे, तर ‘ब्रिटिश-संरक्षित’. पुण्यात गुन्हा करून कोणी भोरच्या हद्दीत गेला तर त्याला आणायला 1903 चा प्रत्यर्पणाचा कायदा लागे. म्हणजे शिवाजी महाराजांची पहिली राजधानी राजगड ही ब्रिटिश हिंदुस्थानच्या दृष्टीने परमुलखात होती! 1877 मध्ये व्हिक्टोरिया राणी ‘कैसर-ए-हिंद’ झाली तेव्हा तिच्या पदवीचा अर्थ हाच होता. इंग्लंडात राणी, इथे पाचशेच्या वर राजांवरची सम्राज्ञी. एकच बाई, दोन ठिकाणी दोन प्रकारची सत्ता.

लोकांच्या नावाने बोलण्याची सवय मात्र याच काळात, याच शहरात लागत होती. 2 एप्रिल 1870 ला स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेत सभासद व्हायचं तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. वकील-इ-मुतलकची सनद वरून, बादशहाकडून येई. ही खालून येत होती. आणि अशा सभेचे पहिले अध्यक्ष कोण, तर औंधचे पंतप्रतिनिधी. जुन्या थरातला माणूस नव्या कल्पनेच्या खुर्चीत. इतिहासात हे असंच होतं. एक व्यवस्था संपल्यावर दुसरी सुरू होत नाही, दोन्ही बराच काळ एकाच दिवाणखान्यात बसतात.

मग नेहमीचा नमुना कधी झाला?

पाठ्यपुस्तकी उत्तर 1648 चं आहे: वेस्टफालियाचा तह, तिथून सार्वभौम राष्ट्रराज्यं. हे उत्तर आता टाकून द्यायला हवं. म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युकच्या त्या तहांनी पवित्र रोमन साम्राज्य मोडलं नाही. त्यातल्या शेकडो लहानमोठ्या संस्थानिकांचे आणि शहरांचे हक्क त्याच साम्राज्याच्या चौकटीत पक्के केले. ते साम्राज्य 1806 पर्यंत जगलं. 1648 चं जर्मनी हे 1719 च्या दख्खनच्या जास्त जवळचं आहे, आजच्या जर्मनीच्या नव्हे.

कल्पना म्हणून राष्ट्रराज्य स्पष्ट दिसतं ते 1789 च्या फ्रान्समध्ये. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तिसरं कलम सार्वभौमत्व राष्ट्राकडे असल्याचं सांगतं, आणि पुढच्याच वर्षी जुने प्रांत मोडून 83 डिपार्टमेंट्स आखली जातात. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण प्रांतांचे वेगवेगळे हक्क आणि करसवलती पुसल्याशिवाय ‘एक राष्ट्र’ हे वाक्य भाषणापुरतंच राहिलं असतं. त्यानंतर दक्षिण अमेरिका, ग्रीस, 1861 चं इटली, 1871 चं जर्मनी. पण इथे फसायला होतं. फ्रान्स घरात राष्ट्रराज्य आणि अल्जीरियात साम्राज्य होतं. ब्रिटन, बेल्जियम, नेदरलँड्स तसेच. 1871 चं जर्मनी तर स्वतःला साम्राज्यच म्हणवत होतं. 1911 मध्ये दिल्ली दरबार भरवताना साम्राज्य या शब्दाची कोणाला लाज वाटली नाही. जे मिरवता येतं ते अजून अपवाद झालेलं नसतं.

पहिल्या महायुद्धाने चार साम्राज्यं पाडली: रशियन, ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मन आणि ऑटोमन. स्वयंनिर्णयाचं तत्त्व मात्र बहुतांशी युरोपापुरतं लागू झालं. ऑटोमनांचे अरब मुलूख मँडेटखाली, म्हणजे राष्ट्रसंघाने सोपवलेला कारभार म्हणून, ब्रिटन-फ्रान्सकडे गेले. त्या वेळची संभ्रमावस्था हिंदुस्थानच्या उदाहरणात दिसते. 1919 च्या व्हर्साय तहावर हिंदुस्थानतर्फे सह्या आहेत भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या. एक साम्राज्याचा मंत्री, एक राजा. आणि त्या सह्यांच्या बळावर हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद! राष्ट्रांच्या संघात राष्ट्र म्हणून बसायची जागा मिळाली, राष्ट्राला अधिकार मात्र नव्हता. 1920 मध्ये हे खपलं.

1960 मध्ये खपलं नसतं. त्या एका वर्षात संयुक्त राष्ट्रांत 17 नवे सभासद आले, त्यातले 16 आफ्रिकेतले, आणि 14 डिसेंबरला आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव 89 विरुद्ध शून्य मतांनी केला. नऊ देश तटस्थ राहिले. वसाहती असलेल्यांनाही विरोधात हात वर करणं जमलं नाही. आमच्या मते नमुना नेहमीचा झाला तो इथे. याची खूण ठरावापेक्षाही पोर्तुगालच्या पळवाटेत सापडते. 1951 मध्ये त्यांनी घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हटलं. म्हणजे गोवा वसाहत नव्हे, पोर्तुगाल राष्ट्राचाच तुकडा. साम्राज्याला टिकण्यासाठी राष्ट्रराज्याचं सोंग घ्यावं लागलं, यावरून कोणता नमुना जिंकला ते कळतं. ते सोंग गोव्यात 1961 ला आणि आफ्रिकेत 1975 पर्यंत उतरलं.

8 मार्च 1948, आणि त्यानंतरचा कंटाळवाणा भाग

आता भोरला परत. 1947 च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्याने संस्थानांवरचं ब्रिटिश अधिराज्य संपलं, आणि संपताना ते कोणाकडेही सोपवलं गेलं नाही. कायद्याच्या काटेकोर अर्थाने प्रत्येक संस्थान मोकळं झालं. म्हणून सामीलनामे. त्यात तीनच विषय भारताकडे आले: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण. लक्षात घ्या, सामीलनामा ही अजूनही जुन्या पद्धतीचीच गोष्ट आहे. वरच्या सत्तेशी करार, आत राजाचा कारभार. पंतसचिवांच्या पूर्वजांना हा कागद अनोळखी वाटला नसता.

मधे एक प्रयोग झाला. औंध, भोर, फलटण वगैरे काही संस्थानिकांनी मिळून दक्षिणेतल्या संस्थानांचं एक संयुक्त राज्य करायचा घाट घातला. तो टिकला नाही, आणि कारण नकाशात होतं. हे मुलूख सलग नव्हते, एकमेकांच्या आणि मुंबई इलाख्याच्या पोटात विखुरलेले होते. कारण ते मुळी प्रदेश म्हणून दिलेच गेले नव्हते. गावागणिक हक्क म्हणून दिले गेले होते. हक्कांची बेरीज करून सलग राज्य होत नाही. शिवाय प्रजा परिषदांचा रेटा थेट विलीनीकरणाचा होता.

विलीनीकरणाच्या करारांनी ते निकाली निघालं. 8 मार्च 1948 ला भोर, औंध, सांगली, मिरज, फलटण आणि इतर दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई सरकारने हाती घेतला. कोल्हापूर 1 मार्च 1949 ला. राजाला तनखा, पदवी, खाजगी मालमत्ता. राज्य करण्याचा हक्क संपूर्ण सोडायचा. सामीलनाम्यात तीन विषय दिले होते, इथे उरलेले सगळे.

बहुतेक लेखन इथे थांबतं, पण सांधा अजून जुळलेला नव्हता. 8 मार्चला भोर मुंबई प्रांताचा भाग झालं नाही. केंद्राने आपला अधिकार 1947 च्या एका कायद्याखाली मुंबई सरकारकडे सोपवला होता, आणि त्या कायद्याचं नाव ‘प्रांतबाह्य अधिकारक्षेत्र’ असं होतं. मुंबईचे कायदे तिथे आपोआप लागू नव्हते. अधिसूचना काढून एकेक न्यावे लागत. 1 ऑगस्ट 1949 च्या विलीनीकरण आदेशाने हा मुलूख खऱ्या अर्थाने प्रांतात आला. जवळजवळ सतरा महिने भोरचा माणूस भारतात होता, पण मुंबई प्रांतात नव्हता. जुने दावे, मालकीच्या नोंदी किंवा त्या काळातले निकाल वाचताना या दोन तारखांची गल्लत केली की कोणता कायदा लागू होता हेच चुकतं. 26 नोव्हेंबर 1949 ला घटनेची नागरिकत्वाची कलमं अमलात आली. पाचव्या कलमात ‘भारताच्या प्रदेशात अधिवास’ आणि त्याला जोडून जन्म, आई-वडिलांचा जन्म किंवा पाच वर्षांचं वास्तव्य यांपैकी एक एवढंच आहे, कोणाची प्रजा होतास हा प्रश्नच नाही.

वरचा थर गेला, तरी खालचे थर एकेक करून काढावे लागले. देशमुख-देशपांडे आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने, 1 मे 1951 पासून. विलीन मुलखातल्या जहागिरी 1953 च्या कायद्याने, 1954 मध्ये. कनिष्ठ गावकामगारांची वतनं 1958 च्या कायद्याने. मुलकी पाटलाची वंशपरंपरा 1962 च्या कायद्याने. राजांचे तनखे 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. 1719 च्या हिशेबातल्या त्या अर्धा डझन धन्यांची यादी शेजारी ठेवली तर प्रत्येकाला खोडायला वेगळा कायदा लागला असं दिसतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, आणि मुंबई राज्याची राजपत्रं एकत्र वाचावीत ती यासाठी.

सगळीकडे ही साफसफाई इतकी नीट झाली नाही. कूचबिहार संस्थान आणि शेजारच्या मोगल मुलखाच्या जुन्या हक्कांतून उरलेली बेटं 1947 नंतर भारत आणि पाकिस्तान, पुढे बांगलादेश यांच्या हद्दींत एकमेकांच्या पोटात अडकून पडली. भारताची 111 आणि बांगलादेशाची 51. गाव एका देशाचं, चहूबाजूंनी दुसरा देश. पोलीस, शाळा, रेशनकार्ड कशाचाच पत्ता नाही. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. भोर-औंधची विखुरलेली गावं अशी अडकली नाहीत, कारण त्यांच्या चारी बाजूंना एकच देश होता.